टॉपला पोचलं की पगार संपतो? बँकेतल्या स्टॅग्नेशन इन्क्रिमेंटबद्दल फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

"बँकेतल्या क्लार्क बंधू-भगिनींनो, स्केलच्या टॉपला पोचलात की तुमचा पगार संपला. त्यानंतर मिळतं ते स्टॅग्नेशन इन्क्रिमेंट म्हणजे नुसता भत्ता. त्यावर ना डीए ना एचआरए. पेन्शन आणि ग्रॅच्युइटीत धरत नाहीत. रक्कम कायमची गोठलेली, नवीन करार झाला की आधीची सगळी स्टॅग्नेशन शून्य. दर तीन वर्षांनी चार पैसे मिळतात त्यासाठी कशाला थांबताय? टॉपला पोचलात की व्हीआरएस घ्या आणि सुटा. जास्तीत जास्त लोकांना पाठवा."

हा मेसेज मला गेल्या महिन्यात चार ग्रुपवर आला, आणि त्यातल्या एका ग्रुपवर खाली तीन जणांनी "अगदी बरोबर" म्हणून अंगठे दिलेत, त्यातली एक तर स्वतः दोन वर्षांत टॉपला पोचणार आहे म्हणून मला राहवलं नाही. मी क्लार्क म्हणून लागले आणि क्लार्क म्हणूनच रिटायर झाले, मधली बरीच वर्षं युनियनच्या कामात लोकांच्या पगाराच्या स्लिपा तपासण्यात गेली, तेव्हा जे सांगतेय ते स्लिपा बघून सांगतेय. आणि एक आधीच सांगते, मेसेजमधलं सगळंच चूक नाहीये, एक गोष्ट त्यात खरी आहे, तिच्याकडे येतेच.

आधी एक उदाहरण समोर ठेवते म्हणजे पुढचं सगळं त्यावरच बोलता येईल. आमच्या ब्रँचला एक क्लार्क होते, सगळे त्यांना काका म्हणायचे. १ ऑगस्ट १९८५ ला लागले, ग्रॅज्युएट होते, ३१ ऑगस्ट २०२२ ला रिटायर झाले, म्हणजे पूर्ण ३७ वर्षं. आता क्लार्कचं स्केल एकूण वीस टप्प्यांचं असतं, दर वर्षी एका इन्क्रिमेंटने एक टप्पा वर, पण ग्रॅज्युएशनची दोन इन्क्रिमेंट आणि १९९३ चं कॉम्प्युटरचं एक इन्क्रिमेंट त्यांना आधीच मिळालेलं, त्यामुळे ते तीन वर्षं अलीकडे, ऑगस्ट २००१ ला टॉपला पोचले. तिथून पुढे क्लार्कला दर तीन वर्षांनी एक स्टॅग्नेशन (शिपाई वगैरे सबस्टाफला ते दर दोन वर्षांनी), म्हणजे २००४, २००७, २०१०, २०१३, २०१६, २०१९ आणि शेवटचं सातवं १ ऑगस्ट २०२२ ला, रिटायर व्हायच्या महिन्यातच. हे सातवं लक्षात ठेवा, त्यानेच नंतर घोळ झाला.

काका रिटायर झाले तेव्हा अकरावा द्विपक्षीय करार, म्हणजे बँका आणि युनियनमधला पगाराचा करार, चालू होता. त्यात क्लार्कचं स्केल १७,९०० ला सुरू होऊन ४७,९२० ला संपतं आणि प्रत्येक स्टॅग्नेशन १,९९० रुपयांचं. सगळी उदाहरणं मी याच करारातली घेतेय कारण काकांचा हिशोब त्यावरच झाला. बाराव्या करारात टॉप ६४,४८० ला गेला आणि स्केलमधलं शेवटचं इन्क्रिमेंट २,६८० झालं, पण हिशोबाची पद्धत तीच.

आता डीएबद्दल. स्टॅग्नेशन ही बेसिकमध्येच मिळणारी वाढ आहे, स्लिपवर तिची वेगळी ओळच येत नाही. काकांची जुलै २०२२ ची स्लिप मी पाहिलीये, त्यात बेसिक पे म्हणून एकच आकडा होता, ५९,८६०. यात ४७,९२० टॉपचे आणि १,९९० गुणिले सहा म्हणजे ११,९४० स्टॅग्नेशनचे. डीए लागतो तो या आख्ख्या ५९,८६० वर. अकराव्या करारात निर्देशांकाच्या ६३५२ पॉइंटच्या वर दर चार पॉइंटला पगाराच्या ०.०७ टक्के असा तो हिशोब आहे, आणि तिथला पगार म्हणजे स्टॅग्नेशन धरून बेसिक. एचआरएचं तेच, १०.२५ टक्के, सरळ बेसिकवर. सोयीसाठी डीए ३५ टक्के धरू, तर नुसत्या त्या ११,९४० वर डीए झाला ४,१७९ आणि एचआरए झाला १,२२४ च्या आसपास. म्हणजे मेसेज ज्याला चार पैसे म्हणतोय ते रिटायर व्हायच्या आधीच्या महिन्यात काकांच्या स्लिपवर मिळून सतरा हजाराच्या वर होते.

मग लोकांना हे गोठलेलं-बिठलेलं कुठून वाटलं? मला वाटतं याचं उत्तर स्लिपवरच आहे आणि ते समजून घेण्यासारखं आहे, कारण मेसेज लिहिणाऱ्याने मुद्दाम खोटं लिहिलं असेल असं मला वाटत नाही, त्याची दोन गोष्टींत गल्लत झालीये. १ नोव्हेंबर १९९३ ला किंवा त्याआधी जे नोकरीत होते त्यांना टॉपला पोचल्यावर एक वर्षाने आणखी एक गोष्ट मिळते, तिचं नाव फिक्स्ड पर्सनल पे, आपण सगळे एफपीपी म्हणतो. कॉम्प्युटर आले तेव्हा एक इन्क्रिमेंट आगाऊ दिलं होतं, टॉपला गेल्यावर त्याचा फायदा संपतो म्हणून त्याच्या बदल्यात ही रक्कम. तिच्यात इन्क्रिमेंटचा एक भाग असतो आणि त्यावरचा डीए असतो, पण तो डीए करार लागू झाला त्या तारखेचा, तिथेच थांबलेला, नंतर बाजारात भाव कितीही वाढले तरी तो हलत नाही. आणि रिटायरमेंटच्या हिशोबात यातला फक्त इन्क्रिमेंटचा भाग धरतात. आता गंमत बघा, अकराव्या करारात या एफपीपीतला इन्क्रिमेंटचा भाग किती, तर १,९९०. आणि स्टॅग्नेशन किती, तेही १,९९०. दोन्ही टॉपनंतरच मिळतात, दोन्हीचा आकडा एक, त्यामुळे कुणीतरी स्लिपवर एफपीपीची ओळ बघितली, महिनोन्महिने तोच आकडा दिसला, आणि स्टॅग्नेशन गोठलंय असं ठरवून टाकलं. गोठलेली असते ती एफपीपीची ओळ. स्टॅग्नेशन बेसिकमध्ये मिसळलेलं असतं म्हणून ते वेगळं दिसतच नाही.

दुसरी गल्लत स्पेशल अलाउन्सची. दहाव्या करारात तो आला तेव्हा ७.७५ टक्के होता, अकराव्यात १६.४ टक्के झाला. हा बेसिकवर काढतात, त्यावर डीएही मिळतो, पण पेन्शन, पीएफ, ग्रॅच्युइटी कशातच तो धरत नाहीत, करारात तसं स्पष्ट लिहिलंय. यावर नाराजी आहे आणि ती रास्त आहे, मीसुद्धा त्यावर भांडलेय. पण "पेन्शनला धरत नाहीत" हे वाक्य त्या अलाउन्सचं आहे, ते उचलून स्टॅग्नेशनला चिकटवू नका.

पेन्शनचा मुद्दा तर मेसेजमध्ये सगळ्यात जास्त नुकसान करणारा आहे म्हणून जरा सविस्तर. बँक एम्प्लॉईज पेन्शन रेग्युलेशन्स १९९५ मध्ये सुरुवातीलाच व्याख्या दिल्यात, त्यात 'पे' म्हणजे काय याची जी व्याख्या आहे तिची पहिलीच ओळ म्हणते की बेसिक पे, स्टॅग्नेशन इन्क्रिमेंट असतील तर ती धरून. म्हणजे इथे अर्थ लावायची, वाद घालायची जागाच नाहीये, शब्दच तिथे लिहिलेला आहे. कुणी तुम्हाला सांगितलं की धरत नाहीत तर त्यांना ती व्याख्या काढून दाखवायला सांगा.

बेसिक पेन्शन निघते ती शेवटच्या दहा महिन्यांच्या सरासरी पगाराच्या ५० टक्के, ३३ वर्षं सर्व्हिस भरत असेल तर पूर्ण, कमी असेल तर त्या प्रमाणात. काकांची ३७ वर्षं होती म्हणजे पूर्ण. त्यांचे शेवटचे दहा महिने नोव्हेंबर २०२१ ते ऑगस्ट २०२२. यातले नऊ महिने बेसिक ५९,८६० आणि शेवटचा एक महिना सातव्या स्टॅग्नेशनसकट ६१,८५०. बेरीज करून दहाने भागलं की सरासरी येते ६०,०५९, त्याच्या निम्मे म्हणजे साधारण ३०,०३०. (एफपीपी वगैरे इतर गोष्टी मी बाजूला ठेवल्यात, त्या धरल्या तर आकडा थोडा वर जातो.) आता मेसेज खरा असता, म्हणजे स्टॅग्नेशन पेन्शनला धरलीच नसती, तर हिशोब ४७,९२० वर झाला असता आणि बेसिक पेन्शन आली असती २३,९६०. फरक सहा हजार सत्तरचा, दर महिन्याला, जन्मभर, आणि त्यावरचा महागाई दिलासा वेगळा.

यात एक गोष्ट बँकेबाहेरच्या लोकांना माहीत नसते. सरकारी पेन्शनर लोकांची पेन्शन वेतन आयोग आला की नव्या हिशोबाने वर जाते. बँकेत तसं नाहीये. तुम्ही रिटायर झालात त्या करारातली बेसिक पेन्शन तीच राहते, पुढे कितीही करार होवोत, फक्त महागाई दिलासा वाढतो. पेन्शन अपडेशन द्या म्हणून किती वर्षं मागणी चाललीये हे बँकवाल्यांना सांगायला नको. पण याचा अर्थ असा की बाहेर पडताना जे बेसिक तुमच्या नावावर आहे त्यावरच पुढची वीस-पंचवीस वर्षं काढायचीत, त्यामुळे एकेक स्टॅग्नेशन आपल्याकडे जितकं मोलाचं आहे तितकं इतर कुठे नसेल. आणि नेमकं आपल्यालाच हा मेसेज सांगतोय की टॉपला पोचलात की सुटा.

त्या दहा महिन्यांच्या सरासरीतून अजून एक व्यवहारातली गोष्ट निघते. काकांचं सातवं स्टॅग्नेशन दहा महिने आधी पडलं असतं तर सरासरी सरळ ६१,८५० आली असती आणि पेन्शन ३०,९२५, म्हणजे महिन्याला जवळजवळ नऊशे रुपये जास्त. त्यांच्या हातात ते नव्हतं, तारीख तारीखच असते. पण ज्यांच्या हातात असतं तेही ती गमावतात, कसं ते सांगते. बिनपगारी रजा, म्हणजे एक्स्ट्राऑर्डिनरी लीव्ह, जितके दिवस घ्याल तितकं इन्क्रिमेंट पुढे ढकललं जातं आणि स्टॅग्नेशनची तीन वर्षंही तशीच पुढे सरकतात. मुलीच्या बाळंतपणाला दोन महिने बिनपगारी काढले आणि त्या पायी शेवटचं स्टॅग्नेशन रिटायर व्हायच्या तारखेच्या पलीकडे गेलं, हे मी एका ताईंच्या बाबतीत बघितलंय, तिच्याकडे आजारपणाची रजा शिल्लक होती पण ती या कारणाला बसत नव्हती, आणि रजा घेण्याआधी तारखांचा हिशोब कुणी मांडून दाखवला असता तर तिने दुसरी काहीतरी व्यवस्था केली असती. रजा घेऊच नका असं मी म्हणत नाहीये. स्टॅग्नेशनची पुढची तारीख कुठली आणि रिटायरमेंट कधी हे दोन्ही आकडे शेजारी लिहून बघा आणि मग अर्ज करा.

२०१० नंतर लागलेल्या मुलामुलींचं वेगळं आहे, १ एप्रिल २०१० पासून लागलेले सगळे एनपीएसमध्ये, त्यांना दहा महिन्यांची सरासरी वगैरे काही नाही. पण तिथेही कपात होते ती बेसिक अधिक डीएवर, तुमचे १० टक्के आणि अकराव्या करारापासून बँकेचे १४ टक्के. १,९९० वर ३५ टक्के डीए धरला तर २,६८६ होतात, त्याचे २४ टक्के म्हणजे एका स्टॅग्नेशनमागे महिन्याला साडेसहाशेच्या आसपास रक्कम तुमच्या खात्यात जास्त पडते. ही मुलं आता टॉपच्या जवळ येतायत, म्हणून त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहिलं.

आता "नवीन करार झाला की शून्य" हे. हे वाचून मला खरंच वाईट वाटलं कारण हे बरोबर उलटं आहे. करार झाला की जुन्या स्केलमधून नव्या स्केलमध्ये बसवतात ते टप्प्याला टप्पा, ज्याला आपण फिटमेंट म्हणतो. जुन्या स्केलमध्ये तुम्ही टॉप अधिक पाच स्टॅग्नेशनवर असाल तर नव्यातही टॉप अधिक पाचवरच बसता, आणि ती पाचही नव्या दराने मोजली जातात. काका १ नोव्हेंबर २०१७ ला, म्हणजे अकरावा करार जिथून लागू झाला त्या दिवशी, पाच स्टॅग्नेशनवर होते. दहाव्या करारात टॉप ३१,५४० आणि स्टॅग्नेशन १,३१० चं, म्हणजे त्यांचं बेसिक ३८,०९०. अकराव्यात ते झालं ४७,९२० अधिक पाच गुणिले १,९९०, म्हणजे ५७,८७०. यात आधीच्या डीएचा मोठा भाग बेसिकमध्ये विलीन होतो त्यामुळे हा सगळाच्या सगळा फरक काही पगारवाढ नसते, ते माहीत आहे मला. पण मुद्दा स्टॅग्नेशनचा आहे. त्यांचं २००४ सालचं पहिलं स्टॅग्नेशन २००७ पासूनच्या नवव्या करारात ८०० रुपयांचं होतं, २०१२ पासून १,३१० चं झालं, २०१७ पासून १,९९० चं. एकदा मिळालेलं स्टॅग्नेशन असं दर करारात नव्याने मोजलं जात गेलं. जी गोष्ट दर करारात वाढत गेली तिला गोठलेली कसं म्हणणार?

आणि संख्यासुद्धा करारागणिक वाढत आलीये. नवव्या करारात जास्तीत जास्त सात होती, दहाव्यात आठ, अकराव्यात नऊ. ही मर्यादा का वाढवावी लागली, तर लोक लवकर टॉपला पोचायला लागले. ग्रॅज्युएशनची दोन, जेएआयआयबी-सीएआयआयबीची इन्क्रिमेंट घेऊन माणूस चाळिशीच्या आतच टॉपला जातो आणि पुढे वीस-बावीस वर्षं नोकरी शिल्लक असते. परीक्षा दिल्या तर टॉपला लवकर जाऊन अडकू अशी भीती काही जण घालतात, ती घालू नका, कारण स्टॅग्नेशनचं घड्याळ टॉपला पोचल्याच्या तारखेपासून चालू होतं, लवकर पोचलात तर पहिलं स्टॅग्नेशनही लवकर.

आता मेसेजमधली खरी गोष्ट. तीन वर्षांतून एकदा हे खरंच कमी आहे. स्केलच्या मधल्या भागात दर वर्षी १,७३० मिळत होते, टॉपच्या आधीच्या वर्षी तर एकदम ३,२७० मिळतात, आणि टॉपनंतर १,९९० ला तीन वर्षं थांबायचं म्हणजे वर्षाला ६६३ रुपये पडले. काम तेच, काउंटर तोच, उलट अनुभवी म्हणून सगळ्या अडलेल्या फाइली त्यांच्याकडेच येतात. माणसाला वाटतं की बँकेने आपल्याला बाजूला काढून ठेवलं, आणि या वाटण्यात काही चूक नाही. अंतर कमी करा ही मागणी म्हणून योग्यच आहे आणि ती जोरात मांडायला हवी. पण ती मांडताना "मिळतं ते काहीच नाही" असं सांगितलं तर आपलीच माणसं तारखा बघायची सोडून देतात, स्लिप तपासायची सोडून देतात, आणि हक्काचं सुटलं तरी त्यांना कळत नाही.

हा मेसेज सरकारी कर्मचाऱ्यांच्या ग्रुपवरही फिरतोय म्हणून त्यांच्यासाठी थोडक्यात, तुमच्याकडे हे असं नाही. केंद्रात पाचव्या वेतन आयोगात कुंठित वेतनवाढ होती, दर दोन वर्षांनी एक आणि जास्तीत जास्त तीन. सातव्या आयोगाच्या मॅट्रिक्समध्ये खालच्या लेव्हलना चाळीस-चाळीस टप्पे आहेत, टॉपला जाऊन अडकायची वेळच सहसा येत नाही, आणि महाराष्ट्रात त्या जोडीला १०-२०-३० ची आश्वासित प्रगती आहे. तेव्हा बँकेचे आकडे तिकडे लावू नका.

स्लिप तपासायची म्हणजे काय करायचं तेही सांगते, दोन मिनिटांचं काम आहे. स्लिपवरचं बेसिक घ्या, त्यातून तुमच्या कराराचा टॉप वजा करा, उरलेल्याला स्टॅग्नेशनच्या दराने भागा. पूर्ण आकडा आला पाहिजे. ५७,८७० असेल तर वजा ४७,९२० म्हणजे ९,९५०, भागिले १,९९० म्हणजे पाच. मग टॉपला पोचल्याच्या तारखेपासून दर तीन वर्षं मोजा, बिनपगारी दिवस मिळवा, आणि तुमच्या तारखेने पाचच व्हायला हवीत की सहा ते बघा. अपूर्णांक आला तर बेसिकमध्ये दुसरं काहीतरी मिसळलंय किंवा फिटमेंट चुकलंय. सगळ्यात जास्त चुका होतात त्या बदली झाल्यावर आणि नवीन करार लागू होताना, कारण सिस्टीममध्ये टॉपला पोचल्याची तारीख नवीन ठिकाणी भरताना कधीकधी करार लागू झाल्याची तारीखच भरली जाते आणि तीन वर्षं तिथून मोजली जातात. दर वर्षीचं इन्क्रिमेंट चुकलं तर माणसाला लगेच कळतं, पण तीन वर्षांतून एकदा येणारी गोष्ट वर्षभर उशिरा आली तरी लक्षात येत नाही.

काकांचं तसंच झालं. सातवं स्टॅग्नेशन १ ऑगस्ट २०२२ ला पडायचं होतं, पण रिटायरमेंटचे कागद जुलैतच तयार करून ठेवलेले, त्यात शेवटचं बेसिक ५९,८६० धरलेलं, आणि ऑगस्टचा पगारही त्याच बेसिकवर निघाला. सेंड-ऑफ झाला, नारळ, शाल, सगळं. नंतर आठ-दहा दिवसांनी ते ब्रँचला सहज म्हणून आले तेव्हा मी त्यांना म्हटलं, काका, तुमची शेवटची स्लिप दाखवा बरं. त्यांनी प्लास्टिकच्या फोल्डरमधून काढली, माझ्यासमोरच पेन्सिलने वजाबाकी केली, भागाकार सहा आला. मी म्हटलं तारखेने सात पाहिजेत. ते म्हणाले जाऊदे गं, एका महिन्याचे दोन हजार, त्याच्यासाठी कुठे अर्ज करत बसू, आणि तसंही म्हणतात ना की ते पेन्शनला धरत नाहीत.

मी त्यांना बसवलं आणि ग्रॅच्युइटीचा हिशोब मांडला. पेन्शन दहा महिन्यांच्या सरासरीवर असते म्हणून एका महिन्याच्या स्टॅग्नेशनने तिथे फक्त शंभरेक रुपयांचा फरक पडत होता, पण कायद्याने ग्रॅच्युइटी शेवटच्या पगारावर निघते, बेसिक अधिक डीए, गुणिले १५ भागिले २६, गुणिले सर्व्हिसची वर्षं. तिथे सरासरी नाही, शेवटच्या महिन्यात मिळालेलं इन्क्रिमेंट पूर्णच्या पूर्ण धरलं जातं. १,९९० वर ३५ टक्के डीए धरून २,६८६, त्याला १५/२६ आणि ३७ वर्षं लावली की सत्तावन्न हजारांच्या वर जातात. त्यांची एकूण ग्रॅच्युइटी अठरा लाखाच्या आत होती, वीस लाखाच्या मर्यादेला पोचत नव्हती, त्यामुळे हा फरक आख्खा त्यांना मिळायला हवा होता. आणि सातही स्टॅग्नेशन मिळून त्यांच्या ग्रॅच्युइटीतला वाटा चार लाखाचा.

अर्ज आम्ही तिथेच लिहिला, एका पानाचा. टॉपला पोचल्याची तारीख, सातही स्टॅग्नेशनच्या तारखा, सर्व्हिस शीटची झेरॉक्स, आणि मागणी तीन ओळींत: सातवं स्टॅग्नेशन १ ऑगस्टपासून मंजूर करा, ऑगस्टचा फरक द्या, पेन्शन आणि ग्रॅच्युइटी सुधारून काढा. पोच घेतली, शिक्का मारून. दोन स्मरणपत्रं द्यावी लागली आणि पाचव्या महिन्यात ग्रॅच्युइटीचा फरक खात्यात जमा झाला, सुधारलेली पेन्शन त्याच्या पुढच्या महिन्यापासून. त्या अर्जाचा नमुना माझ्याकडे अजून आहे, ज्यांचं स्टॅग्नेशन रिटायरमेंटच्या वर्षात पडतंय त्यांनी मागा, मी पाठवते.